पत्ता मागितला, उत्तर आलं नाही

वाय-फाय जोडलेलं दिसतं. पासवर्ड मान्य झालेला असतो, सिग्नलच्या रेघाही पूर्ण असतात. तरीही ब्राउझरमध्ये एकही पान उघडत नाही. अशा वेळी बहुतेक जण आधी इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला फोन लावतात आणि तक्रार क्रमांक घेऊन बसून राहतात. त्याआधी एक मिनिट खर्च करून आपल्या कॉम्प्युटरला कोणता पत्ता मिळाला आहे ते पाहावं. तो 169.254 या आकड्यांनी सुरू होत असेल, तर बाहेरून येणाऱ्या लाइनचा या तक्रारीशी बहुधा काहीच संबंध नसतो. अडचण कॉम्प्युटर आणि राउटर यांच्यामधल्या काही फुटांत असते.

विंडोजवर हा पत्ता पाहण्यासाठी स्टार्ट मेनूत `cmd` टाइप करून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि त्यात ही ओळ द्या:

```
ipconfig /all
```

पडद्यावर बरंच काही उमटतं. त्यातला वाय-फायचा किंवा केबलचा, म्हणजे तुम्ही जे वापरत असाल त्याचा भाग शोधायचा. बिघाड असलेल्या कॉम्प्युटरवर तो साधारण असा दिसतो:

```
DHCP Enabled. . . . . . . . . . . : Yes
Autoconfiguration IPv4 Address. . : 169.254.83.107(Preferred)
Subnet Mask . . . . . . . . . . . : 255.255.0.0
Default Gateway . . . . . . . . . :
```

दुसऱ्या ओळीतला `Autoconfiguration` हा शब्द महत्त्वाचा. हा पत्ता राउटरने दिलेला नाही, कॉम्प्युटरने स्वतःच स्वतःला घेतला आहे, असं ती ओळ सांगते. शेवटची ओळ रिकामी आहे, आणि पान न उघडण्याचं खरं कारण तिथे आहे. घराबाहेर जाणारी प्रत्येक मागणी ज्या दारातून जायची, ते दार कॉम्प्युटरला माहीतच नाही. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरचाही त्याला ठावठिकाणा नाही. मॅकवर हीच गोष्ट नेटवर्कच्या सेटिंगमध्ये `Self-Assigned IP` अशा शब्दांत लिहिलेली दिसते. `fe80` ने सुरू होणारा एक लांबलचक पत्ता त्याच यादीत असतो, तो पाहून मात्र घाबरू नये. तो धडधाकट कॉम्प्युटरवरही असतोच.

169.254 ने सुरू होणारे सगळे पत्ते याच कामासाठी जगभर राखून ठेवलेले आहेत. विंडोज ९८ च्या काळापासून ही सोय आहे आणि तिचे नियम २००५ मध्ये आरएफसी ३९२७ या दस्तऐवजात पक्के झाले. कल्पना मुळात चांगली होती. एखाद्या छोट्या कचेरीत दोन-तीन कॉम्प्युटर आणि एक प्रिंटर तारेने जोडले, पण पत्ते वाटणारं कोणी नसलं, तरी त्यांना आपापसांत बोलता यावं. म्हणून कॉम्प्युटर या राखीव पट्ट्यातला एक पत्ता स्वतःच निवडतो आणि जाळ्यावर आधी विचारतो, ‘हा पत्ता कोणी वापरतंय का?’ कोणी ‘हो’ म्हटलं नाही की तो घेतो. असे दोन कॉम्प्युटर एकमेकांना फाइल पाठवू शकतात. पण राउटर या पत्त्यावरची पाकिटं पुढे पाठवत नाही, कारण नियमच तसा आहे. त्यामुळे जाळं घरातल्या घरात चालतं आणि बाहेरचं जग बंद राहतं.

म्हणजे 169.254 हा आकडा स्वतः रोग नव्हे. ‘मी पत्ता मागितला होता, कोणी दिला नाही’ एवढा निरोप त्यात आहे. मग पत्ता देतं कोण, आणि ते गप्प का राहतं, हे पाहायला हवं.

पत्ते वाटण्याच्या या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात. तिचं पहिलं रूप १९९३ मध्ये आलं आणि आज चालतं ते मुख्य रूप १९९७ च्या आरएफसी २१३१ मध्ये आहे. अमेरिकेतल्या बकनेल विद्यापीठाचे राल्फ ड्रॉम्स यांनी ते लिहिलं. घरात पत्ते वाटायचं काम राउटर करतो. संवाद चार निरोपांचा असतो. नुकताच जोडलेला कॉम्प्युटर सगळ्या जाळ्याला उद्देशून ओरडतो, ‘पत्ता देणारं कोणी आहे का?’ राउटर म्हणतो, ‘192.168.1.104 मोकळा आहे, घेतोस?’ कॉम्प्युटर म्हणतो, ‘तोच हवा.’ राउटर म्हणतो, ‘दिला’, आणि सोबत तीन गोष्टी कळवतो: बाहेर जायचं दार कोणतं, नावं विचारायची कोणाला, आणि हा पत्ता किती वेळ तुझा. ही सगळी देवाणघेवाण एरवी सेकंदाच्या आत उरकते. पहिल्याच हाकेला उत्तर आलं नाही तर कॉम्प्युटर थांबून थांबून पुन्हा हाक मारतो आणि मिनिटभरात नाद सोडून 169.254 वर येतो.

राउटर पत्ता कायमचा देत नाही, ठरावीक मुदतीसाठी देतो. सेटिंगच्या पानावर हिला `Lease Time` म्हणतात, बोलताना सगळे लीज म्हणतात. घरगुती राउटरवर ती अनेकदा २४ तासांची असते, काहींवर १२ तासांची, काहींवर दोनच तासांची. मुदत संपेपर्यंत कॉम्प्युटर हातावर हात ठेवून बसत नाही. अर्धी मुदत सरली की तो त्याच राउटरला गुपचूप विचारतो, ‘वाढवून देतोस का?’ ‘हो’ आलं की घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू. उत्तर आलं नाही तर तो वाट पाहतो आणि मुदतीचे आठांतले सात भाग संपले की सगळ्या जाळ्याला विचारू लागतो. २४ तासांच्या लीजमध्ये पहिली विचारणा १२ तासांनी आणि दुसरी २१ तासांनी होते. मुदत संपली आणि तरी उत्तर नसेल, तर तो पत्ता सोडून देणं कॉम्प्युटरला भाग असतं.

दिवसभर चालू असलेल्या घरच्या कॉम्प्युटरची लीज अशी वर्षानुवर्षं आपोआप वाढत राहते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. गडबड होते ती येणाऱ्या-जाणाऱ्यांची वर्दळ असते तिथे. फोन खिशात घालून माणूस दारातून बाहेर पडतो, तेव्हा फोन राउटरला ‘पत्ता परत घे’ असं सांगत नाही. सिग्नल तुटतो, एवढंच. भाडेकरू किल्ली न देता गाव सोडून गेला आणि करार अजून शिल्लक आहे, अशा घरमालकासारखी राउटरची स्थिती होते. खोली रिकामी आहे, पण दुसऱ्याला देता येत नाही.

पुण्याच्या पेठांमध्ये स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांसाठी अभ्यासिका आहेत. अशाच एका अभ्यासिकेतली ही तक्रार मी सविस्तर सांगतो, कारण लीज म्हणजे काय हे तिच्यात अगदी स्वच्छ दिसतं. तिथे दोन पाळ्या होत्या, सकाळी ७ ते दुपारी २ आणि दुपारी २ ते रात्री ९. सकाळच्या मुलांना इंटरनेटचा कधीच त्रास नव्हता. दुपारच्या पाळीत मात्र तीन-साडेतीनच्या सुमाराला येणाऱ्यांचे लॅपटॉप रोज अडकत. जे दोनला पोहोचत त्यांचं नीट चाले. मालकांनी कंपनीकडून जास्त वेगाचं पॅकेज घेतलं, काही उपयोग झाला नाही. राउटर बंद करून चालू केला की त्या दिवसापुरतं सगळं सुरळीत होई.

अडकलेल्या एका लॅपटॉपवर `ipconfig /all` दिलं. पत्ता 169.254 ने सुरू होणारा निघाला. मग सर्वांत साधा उपाय आधी करून पाहिला, लीज नव्याने मागण्याचा. त्यासाठी दोन कमांड आहेत:

```
ipconfig /release
ipconfig /renew
```

पहिली कमांड हातात असलेला पत्ता सोडून देते आणि राउटरला तसं कळवते. दुसरी नव्याने मागणी करते. कमांड प्रॉम्प्ट उघडताना `Run as administrator` निवडावं, नाहीतर `The requested operation requires elevation.` असं उत्तर मिळतं. सगळं ठीक असेल तर काही सेकंदांत नवा पत्ता उमटतो, आणि मग `ipconfig /all` मध्ये `Lease Obtained` आणि `Lease Expires` या दोन ओळींत मुदत तारीख-वेळेसह दिसते. दुसऱ्या गावातला कॉम्प्युटर दुरून चालवत असाल तर पहिली कमांड चुकूनही देऊ नका. पत्ता सुटताक्षणी तुमचा त्या कॉम्प्युटरशी संबंध तुटेल आणि दुसरी कमांड द्यायला कोणीतरी तिथे जावं लागेल.

मॅकवर सिस्टम सेटिंगमध्ये वाय-फाय, तिथे जोडलेल्या नेटवर्कच्या पुढचं `Details`, मग `TCP/IP`, आणि तिथे `Renew DHCP Lease` हे बटण असतं. आयफोनवर वाय-फायच्या नावापुढच्या `i` वर बोट ठेवलं की खाली `Renew Lease` सापडतं. अँड्रॉइडवर असं बटण सहसा नसतं. तिथे नेटवर्क `Forget` करून पासवर्ड टाकून पुन्हा जोडावं लागतं.

अभ्यासिकेतल्या लॅपटॉपवर `ipconfig /renew` ने बराच वेळ घेतला आणि शेवटी उत्तर आलं:

```
unable to contact your DHCP server. Request has timed out.
```

याचा अर्थ मागणी गेली, पण उत्तर आलं नाही. इथे बरेच जण तीच कमांड पुन्हा पुन्हा देत राहतात. त्यात काही हशील नाही. विंडोज स्वतःच दर पाच मिनिटांनी पुन्हा विचारून पाहत असतो. मधेच एखादा पत्ता मोकळा झाला तर लॅपटॉप आपोआप सुरू होतो, आणि त्या क्षणी आपण जे काही करत होतो त्यानेच तो बरा झाला असं वाटून बसतं. घरोघरी सांगितले जाणारे अनेक चमत्कारिक उपाय असेच जन्माला आले असावेत, असा माझा समज आहे.

आता फाटा फुटतो. उत्तर न येण्याची दोनच कारणं संभवतात. एक तर लॅपटॉप आणि राउटर यांच्यातली वाटच बंद आहे, किंवा वाट खुली असून राउटर पत्ता देत नाही. हे ओळखण्याची एक सोपी परीक्षा आहे आणि ती प्रत्येकाला यायला हवी असं मला वाटतं. लॅपटॉपला थोड्या वेळापुरता हाताने पत्ता द्यायचा. विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये `IP assignment` पुढे `Edit` करून `Manual` निवडायचं आणि कोणी वापरत नाही असा पत्ता भरायचा. इथे राउटरचा स्वतःचा पत्ता 192.168.1.1 होता, म्हणून लॅपटॉपला 192.168.1.50 दिला, मास्क 255.255.255.0 आणि गेटवे 192.168.1.1. मग विचारलं:

```
ping 192.168.1.1
```

चारही उत्तरं ताबडतोब आली. म्हणजे वाट खुली होती. वाय-फाय चांगलं होतं, लॅपटॉपचं कार्ड चांगलं होतं, पासवर्डही बरोबर होता. पत्ता वाटण्याची खिडकी तेवढी बंद होती. उत्तर आलं नसतं, तर शोध उलट्या दिशेला न्यावा लागला असता: सैल केबल, सुरक्षेच्या सॉफ्टवेअरने अडवलेली मागणी, व्हीपीएनचा अडसर किंवा बिघडलेला ड्रायव्हर. परीक्षा झाल्यावर सेटिंग पुन्हा `Automatic (DHCP)` वर आणायला विसरू नये. हाताने दिलेला पत्ता तसाच राहिला तर तो लॅपटॉप दुसऱ्या घरी, दुसऱ्या राउटरवर चालणार नाही, आणि इथेही तोच पत्ता कधीतरी दुसऱ्याला मिळून दोघांची टक्कर होऊ शकते.

मग ब्राउझरमध्ये 192.168.1.1 टाकून राउटरचं पान उघडलं. `DHCP Server` या भागात तीन गोष्टी लिहिलेल्या होत्या. पत्ते 192.168.1.100 पासून 192.168.1.199 पर्यंत वाटायचे, म्हणजे एकूण १००. लीज १४४० मिनिटं, म्हणजे २४ तास. आणि खाली, आतापर्यंत पत्ते घेतलेल्या उपकरणांची यादी. दुपारी साडेतीनला त्या यादीत पूर्ण १०० ओळी होत्या. अभ्यासिकेत मात्र निम्मीच उपकरणं हजर होती.

हिशेब करून पाहिला. प्रिंटर, कॅमेऱ्याचा रेकॉर्डर आणि कार्यालयातला कॉम्प्युटर मिळून तीन पत्ते कायम व्यापलेले. सकाळच्या पाळीत ३५ मुलं, त्यांचे ३५ फोन आणि २० लॅपटॉप, म्हणजे ५५. दोन वाजता ही मुलं घरी गेली तरी त्यांची मुदत दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत शिल्लक होती. उरले ४२ पत्ते. दुपारच्या पाळीतही ५५ उपकरणं होती. जी आधी आली त्या ४२ जणांना पत्ते मिळाले आणि शेवटची १३ बाहेर राहिली. दुपारचे ४२ पत्ते मग दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत अडकलेले, पण सकाळच्या ५५ पत्त्यांची मुदत सकाळीच संपत असल्यामुळे सकाळची मुलं आली की त्यांना बरोबर तेवढी जागा मोकळी मिळे. म्हणून सकाळची पाळी कायम सुखी आणि दुपारी उशिरा येणारा कायम दुःखी. वेगाच्या पॅकेजने यात काही फरक पडण्यासारखा नव्हता.

राउटर बंद-चालू केल्यावर का जमायचं, तेही यातून उलगडतं. अनेक घरगुती राउटर ही यादी तात्पुरत्या स्मृतीत ठेवतात. वीज गेली की यादी पुसली जाते आणि सगळे १०० पत्ते पुन्हा मोकळे होतात. दुपारी बंद-चालू केलं की हजर असलेल्यांनाच पत्ते मिळतात, घरी गेलेल्यांचे करार रद्द झालेले असतात. उपाय म्हणून हे वाईट नाही, पण त्याची मुदत एका दिवसाची आहे.

कायमचा उपाय सुचवताना पहिल्यांदा मनात येतं की लीज कमी करावी. २४ तासांऐवजी दोन तास केले तर घरी गेलेल्यांचे पत्ते लवकर सुटतील. हे बरोबर आहे, पण इथे एवढ्याने भागत नाही. दोन तासांची लीज दर तासाला वाढत राहते, म्हणजे दोन वाजता बाहेर पडणाऱ्या मुलाच्या फोनची मुदत त्या क्षणी एक ते दोन तास शिल्लक असते. त्याचा पत्ता तीन ते चारच्या दरम्यान कधीतरी सुटणार. दुपारची मुलं नेमकी याच वेळात येतात. तीन अधिक ५५ अधिक ५५ म्हणजे ११३, आणि पत्ते १००. थोड्या वेळापुरता का होईना, तुटवडा होणारच. म्हणून मुळात पत्ते वाढवणं गरजेचं होतं. सुरुवात 192.168.1.20 आणि शेवट 192.168.1.249 केला, म्हणजे पत्ते २३० झाले. प्रिंटरला आणि रेकॉर्डरला 192.168.1.10 आणि 192.168.1.11 असे वाटपाच्या पट्ट्याबाहेरचे कायमचे पत्ते दिले, म्हणजे त्यांचा कोणाशी गोंधळ नको. लीजही १२० मिनिटांवर आणली. मुदत इतकी लहान केली तर जाळ्यावर ताण येतो, अशी भीती काहींना वाटते. तासातून एकदा होणारी ही विचारणा मोजके बाइट खर्च करते, एखाद्या फोटोच्या तुलनेत ती नगण्य आहे. त्या दिवसापासून दुपारची तक्रार थांबली.

एका गोष्टीचा उल्लेख इथे करायला हवा, कारण ती नवी आहे आणि पुष्कळ जणांना ठाऊक नसते. राउटर उपकरणाला ओळखतो तो त्याच्या मॅक पत्त्यावरून, म्हणजे वाय-फायच्या चिपच्या ओळख क्रमांकावरून. पण खासगीपणासाठी अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन आपला खरा क्रमांक लपवून प्रत्येक वाय-फायच्या नावासाठी वेगळा बनावट क्रमांक दाखवतात. एकाच राउटरवर दोन वेगळ्या नावांची वाय-फाय असतील, आणि फोन कधी या तर कधी त्या नावाने जोडला जात असेल, तर राउटरला ते दोन फोन वाटतात आणि दोन पत्ते खर्ची पडतात. यादीत फोन जास्त आणि माणसं कमी दिसली, तर हे कारण आधी तपासावं. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलं की प्रश्न सुटतो.

पत्ते कितीही वाढवले तरी त्यालाही मर्यादा आहे. 255.255.255.0 मास्क असलेल्या घरगुती जाळ्यात राउटर धरून २५४ च पत्ते बसतात. आणि मुबलक पत्ते असणं वेगळं, तेवढी उपकरणं एकाच वेळी नीट सांभाळणं वेगळं. घरगुती राउटरचा रेडिओ पन्नास-साठ उपकरणांच्या पुढे दमतो. तिथे वाय-फाय जोडलेलं असून संथ होतं, पण पत्ता 169.254 होत नाही. दोन तक्रारींमधला हा फरक लक्षात ठेवला तर नवं उपकरण घ्यायचं की सेटिंग बदलायची, हे ठरवणं सोपं जातं.

प्रत्येक वेळी कारण पत्ते संपण्याचंच असेल असं नाही. घरात एकच कॉम्प्युटर अडकला असून बाकीचे फोन नीट चालत असतील, तर दोष त्या कॉम्प्युटरचाच आहे. विंडोजमध्ये `services.msc` उघडून `DHCP Client` ही सेवा `Running` आहे का ते पाहावं. वेगवान करण्याच्या नावाखाली तिसऱ्याच सॉफ्टवेअरने ती बंद केलेली सापडू शकते. `ipconfig /all` मध्ये `DHCP Enabled` पुढे `No` असेल तर पत्ता कधीतरी हाताने भरलेला आहे. तिथे `release` आणि `renew` चा काहीच उपयोग नाही, आधी सेटिंग ऑटोमॅटिकवर आणावी लागते. उलट, घरातली सगळीच उपकरणं एकदम अडकली असतील तर राउटरच गप्प आहे. त्याची डीएचसीपी सेवा कोणीतरी बंद केली असेल किंवा तो लटकला असेल. तेव्हा बंद-चालू करणं हाच पहिला आणि योग्य उपाय.

सिग्नल वाढवण्यासाठी जुना राउटर आतल्या खोलीत जोडणाऱ्यांचं प्रकरण वेगळं दिसतं. दोन राउटर एकाच जाळ्यावर पत्ते वाटू लागतात, आणि ज्याचं उत्तर आधी येईल त्याचा पत्ता कॉम्प्युटर घेतो. तिथे 169.254 दिसत नाही, पत्ता साधा दिसतो, पण `Default Gateway` भलत्याच राउटरचा असतो आणि पान उघडत नाही. अशा वेळी आतल्या राउटरची डीएचसीपी सेवा बंद करावी, त्याला पट्ट्याबाहेरचा पत्ता द्यावा आणि मुख्य राउटरकडून येणारी केबल त्याच्या `WAN` ऐवजी `LAN` च्या भोकात लावावी.

आणखी एक अपवाद. काही ठिकाणी केबलवाल्याची तार मधे राउटर न ठेवता थेट कॉम्प्युटरलाच लावलेली असते. तिथे पत्ता वाटणारं यंत्र केबलवाल्याकडे असतं. घरात सगळं तपासून झालं आणि पत्ता तरीही 169.254 च राहिला, तर मात्र फोन करणं योग्य. तो करताना ‘नेट चालत नाही’ एवढंच न सांगता ‘तुमच्याकडून पत्ता मिळत नाही, 169.254 येतो’ असं सांगावं. समोरचा माणूस बरोबर ठिकाणी पाहायला लागतो.

हे सगळं करण्यासाठी राउटरच्या पानावर जाता यायला हवं, आणि नेमक्या अडचणीच्या वेळी तेच जमत नाही. पत्ता आणि पासवर्ड सहसा राउटरच्या पोटावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर असतो, आणि पासवर्ड बदलला असेल तर तो बदलणाऱ्यालाच ठाऊक असतो. तेव्हा आजच, सगळं नीट चालू असताना, त्या चिठ्ठीचा फोटो काढून ठेवा, बदललेला पासवर्ड वहीत लिहा, आणि एकदा `DHCP Server` चं पान उघडून तुमच्याकडे पत्ते किती आहेत आणि लीज किती मिनिटांची आहे ते टिपून ठेवा.